संयमाच्या म्हणी: नेमकी कुठली, कधी आणि कोणाला?

रानजाई

माझा धाकटा भाऊ राज्यसेवेची तयारी करतोय. मागच्या खेपेला पूर्वपरीक्षा पार झाली, पण मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. यंदा पुन्हा मुख्य देऊन झालीय आणि निकालाची वाट बघणं चालू आहे. परवा घरच्या ग्रुपवर त्यानं नुसतं "अजून काही नाही" एवढं लिहिलं, आणि म्हणींचा पाऊस पडला. मोठे काका: "थेंबे थेंबे तळे साचे." आत्या: "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." मामा: "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे." तासाभरात भाऊ ग्रुप सोडून गेला.

सगळे चांगल्या मनानंच बोलले होते. तरी मला वाटतंय की तिन्ही म्हणी कुठेतरी चुकीच्या ठिकाणी पडल्या. मला त्याला काहीतरी लिहायचंय आणि म्हणीतच लिहायचंय, कारण आमच्या घरात तीच रीत आहे. तर या म्हणींचा नेमका अर्थ काय, आणि त्याच्या आत्ताच्या अवस्थेला कुठली बसेल?

दोन_घोट_चहा

काकांची बरोबर आहे की. थोडं थोडं करत राहायचं, एक दिवस मोठं होतं. यात राग येण्यासारखं काय आहे?

पाटीपेन्सिल

मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तळं साचतं कधी? पडलेला थेंब तिथंच राहिला तर. कालचा थेंब आज शाबूत असला पाहिजे, म्हणजे आजचा त्यावर पडेल. म्हणून ही म्हण पिग्मीला शोभते, रोज पानभर लिहिणाऱ्याला शोभते, गावातल्या वाचनालयासाठी घरटी एकेक पुस्तक गोळा करणाऱ्यांना शोभते. रानजाईंच्या भावाची गोष्ट वेगळी आहे. मागच्या वर्षीचे गुण यंदा खात्यात जमा होत नाहीत. पूर्वपरीक्षासुद्धा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागली असेल. त्याचं तळं दर वर्षी कोरडं होतं आणि पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरुवात. अशा माणसाला "थेंबे थेंबे तळे साचे" म्हटलं की त्याला ऐकू येतं, "यांना माझी परीक्षा कशी असते तेच माहीत नाही."

दोन_घोट_चहा

गुण साचत नसतील, अभ्यास तर साचतो ना! पहिल्या वर्षी वाचलेला इतिहास तिसऱ्या वर्षी उपयोगी पडतोच.

पाटीपेन्सिल

हे मान्य. पण मग ही म्हण अभ्यास चालू असताना म्हणायची. रोज वर्तमानपत्रातून चार टिपणं काढायचा कंटाळा आलाय, "एवढ्यानं काय होणार" असं वाटतंय, त्या दिवशी ती चपखल बसते. पेपर देऊन झाल्यावर, निकालाची वाट बघताना तो नवा थेंब कुठून टाकणार? नुसती वाट बघणाऱ्याला साठवणीची म्हण काय कामाची?

ओसरी

टाकीच्या म्हणीबद्दल माझं मत. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी (पाण्याची नव्हे, आमच्या शेजारच्या मुलाला वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं). या म्हणीत तिघं असतात: दगड, घाव घालणारा आणि नंतर हात जोडायला येणारा. ती कोण म्हणतंय यावर सगळं अवलंबून आहे. दगडानं स्वतः म्हटली तर फार सुंदर. समजा भाऊ उद्या अधिकारी झाला आणि सत्काराला उत्तर देताना म्हणाला, तर सभागृह टाळ्या वाजवेल. ज्यानं तसेच घाव खाल्लेत त्यानं म्हटली तरी चालते. पण घाव घालणाऱ्यानं म्हणू नये. आमच्या ऑफिसात एक वरिष्ठ सुट्ट्या नाकारून वर हीच म्हण ऐकवायचे. ते ऐकून कोणालाही देवपण नको वाटेल.

आत्या तिसऱ्या जागेवरून, म्हणजे हात जोडणाऱ्याच्या जागेवरून बोलल्या. त्यांचं चुकलं असं नाही, पण मूर्ती अजून व्हायचीय.

रियाज_पहाटेचा

मी थोडा असहमत. माझे तबल्याचे गुरुजी हीच म्हण सांगायचे आणि घाव घालणारेही तेच होते. मला कधी राग आला नाही.

ओसरी

कारण त्यांचा घाव नेमका कुठे बसतोय हे त्यांना दिसत होतं. बोल चुकला की तिथंच थांबवत असतील, हात धरून दाखवत असतील. त्या घावानं आकार येतो. परीक्षेत थोडक्यात राहणं हा घाव खराच, पण कुठे काय चुकलं ते सांगणारं कोणी नसतं. नुसता मार आणि घडवणारा मार यात फरक आहे, आणि म्हण दुसऱ्याबद्दल बोलते. एरवी दगड फुटतातसुद्धा.

रियाज_पहाटेचा

हे पटलं. तरी गुरूनं म्हणू नये हे मात्र पटलं नाही.

ओसरी

गुरूला सूट. वरिष्ठांना नाही.

पाटीपेन्सिल

मामांच्या म्हणीची गंमत सांगायची राहिली. "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" ही म्हण म्हणून जन्मलेली नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाचं वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठी केलं, त्यातली ही पहिली ओळ. पुढे काय आहे ते बहुतेकांना ठाऊक नसतं. पुढे म्हटलंय की मृगजळ पिऊन एखादे वेळी तहान भागेल, रानात भटकताना सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे वाळूतून तेल हे तिथं अशक्य गोष्टीचं उदाहरण आहे. प्रयत्नांची थोरवी सांगायला ती ओळ लिहिलेलीच नव्हती. साऱ्या अशक्य गोष्टी एकवेळ होतील, पण मूर्ख काही ऐकणार नाही, असा तो वैताग आहे.

मामांनी नकळत भाच्याच्या अभ्यासाला वाळू म्हटलं आणि यशाला सशाचं शिंग!

कट्टेकरी

सर, हे पुस्तकातलं झालं. आज शंभरातले नव्याण्णव लोक ही ओळ "प्रयत्न केला तर काहीही होतं" याच अर्थानं वापरतात. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असते. मग अर्थ तोच ना? भाषा लोक ठरवतात, श्लोक नाही.

पाटीपेन्सिल

लोकांनी अर्थ बदलला हे खरंच आहे, आणि भिंतीवरच्या सुविचाराला माझी हरकत नाही. पण प्रश्न नेमक्या अर्थाचा विचारलाय. बदललेल्या अर्थानंही बघा. ती ओळ म्हणते, रगडत राहा. ज्याचं रगडून झालंय आणि जो हात पुसून बसलाय, त्याला काय सांगणार?

कट्टेकरी

तेवढं खरं. पण मूळ अर्थच खरा हे मी मानणार नाही. शब्द घर बदलतात.

मी_मुंबईकर

थोडं विषयांतर, पण संयमाचाच मुद्दा आहे. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, विकासकानं पाडली आणि काम अडकलं. सुरुवातीला भाडं यायचं, मग तेही बंद. कमिटीतले काका दर मीटिंगला म्हणतात, "धीर धरा, धीरापोटी फळे रसाळ गोमटी, तुकोबांनी सांगून ठेवलंय." आम्हाला कुठली म्हण लागू?

ओसरी

तुमच्या काकांनी दोन ओळींची खिचडी केलीय. तुकोबांची ओळ "शुद्ध बीजापोटी, फळे रसाळ गोमटी" अशी आहे. ती बियाण्याबद्दल बोलते. बी चांगलं असेल तर फळ चांगलं. वाट किती बघायची यावर त्यात अक्षर नाही. "धीर धरी रे, धीरापोटी" ही वेगळी ओळ, ती खरोखर वाट बघण्याची आहे. उलट तुकोबांची ओळच तुम्ही काकांना परत ऐकवा. करारनाम्याचं बी शुद्ध होतं का, ते विचारा.

दोन_घोट_चहा

मुंबईकर, "आलिया भोगासी असावे सादर." यावर इलाज नाही.

पाटीपेन्सिल

ही तुकोबांचीच, पण इथं नको. पुढचं चरण "देवावरी भार घालोनिया" असं आहे. आपल्या हातात काहीही उरलं नाही, तेव्हाची ही म्हण. दुर्धर आजार, वय, एखाद्याचं जाणं. जिथं कागद आहे, करार आहे, तक्रार करायला जागा आहे, तिथं भार देवावर घालणं म्हणजे देवाला वेठीला धरणं. तक्रार करता येत असताना गप्प बसायचं आणि त्याला संयम म्हणायचं, तर त्यासाठी वेगळी म्हण आहे: "असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी."

मी_मुंबईकर

खाटल्यावरी म्हणजे आम्ही? आम्ही भाड्याच्या घरात आहोत सर!

गावकुसाबाहेर

मुंबईकर, तुमच्या प्रकरनाला आमच्याकडं भिजत घोंगडं म्हनत्यात. घोंगडं भिजलं की जड व्हतं, लवकर वाळत न्हाई, उचलायला कुनी फुडं येत न्हाई. मग पडतंय तिथंच. ही काय म्हन न्हाई, वाक्प्रचार हाय, पर संयमात आन भिजत घोंगड्यात लोकांचा लई घोळ व्हतो. संयमात वाट बघनाऱ्याला म्हाईत असतंय आपन कशाची वाट बघतोय. घोंगड्यात कुनालाच म्हाईत नसतंय.

पाटीपेन्सिल

फार नेमकं बोललात.

मुंबईकर, आणखी थांबलात तर पुढची म्हण तयार आहे: "बैल गेला आणि झोपा केला." झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या तोंडाला लावायचं काट्याकुट्याचं, काठ्यांचं दार. बैल निघून गेल्यावर दार बसवलं. ऐकणारे बहुतेक "बैल गेला आणि हा झोपला" असं समजतात, त्यानं सगळी म्हणच पालथी होते. या माणसानं काम केलंय, फक्त उशिरा. तक्रारीची मुदत उलटल्यावर वकील गाठणारा तो हा.

रानजाई

विषय माझ्या भावाकडे आणा ना कोणीतरी. :)

कट्टेकरी

भावाला "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" म्हणा. निकालाची एवढी काय घाई?

ओसरी

अजिबात नाही. बाशिंग कपाळाला बांधायचं असतं. नवऱ्याला इतकी घाई झालीय की ते गुडघ्याला बांधून बसलाय. नुसती घाई असून भागत नाही. घाईच्या भरात तयारी भलत्याच ठिकाणी आणि वेळेआधी झालेली दिसली पाहिजे. भावानं निकालाआधीच नावाची पाटी करून घेतलीय का, दिव्याच्या गाडीत बसून फोटो काढलाय का? नसेल तर त्याला हे लावू नका. तो निव्वळ अस्वस्थ आहे.

रानजाई

त्यानं नाही केलं असं काही. पण मोठ्या काकांनी एका स्थळाला "मुलगा वर्ग एकचा अधिकारी आहे" असं सांगून टाकलंय. आणि आई अन् आत्यात आत्तापासून वाद चालू आहे, त्याची पहिली नेमणूक गडचिरोलीला झाली तर सोबत कोण जाणार यावरून. आई दोन दिवस आत्याशी बोलत नाहीये.

ओसरी

मग बाशिंग काकांच्या गुडघ्याला! आणि आई-आत्यांसाठी "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." तुरी अजून दुकानात आहेत, घरात दाणा नाही, आणि इकडे त्यांच्यावरून मारामारी. या दोन म्हणींत फरक एवढाच की बाशिंगात एकट्याचा उत्साह असतो आणि तुरीत दोघांचं भांडण. घर घेण्याआधी बाल्कनीची खोली कोणाची यावरून भावंडं भांडली की तुरी. घर घेण्याआधी पडदे शिवून आणले की बाशिंग.

दोन_घोट_चहा

"पी हळद नि हो गोरी" पण यातलीच ना? म्हणजे उपाय केला की गुण येतो, हळद चांगलीच असते म्हणून.

पाटीपेन्सिल

हळदीची स्तुती नाही ती. टोमणा आहे. हळद प्यायली आणि लगेच गोरी झाली, असं कधी होतं का, असा सूर. आजपासून व्यायाम सुरू आणि उद्या आरशासमोर उभा, त्याला म्हणायची. यात काम सुरू झालेलं असतं आणि फळाची वाट बघायची तयारी नसते. खाटल्यावरच्या माणसाच्या नेमकं उलट. त्याला वाट बघायला आवडतं, काम तेवढं नको. संयम कुठे संपतो आणि आळस कुठे सुरू होतो ते या दोन म्हणी शेजारी ठेवल्या की कळतं.

रानजाई

पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं "लागला का रे निकाल?" विचारलं होतं. हळद मावशीला, कळलं. पण भावाचं काय? त्यानं काम केलंय, घाई करत नाहीये, आळशी नाही. फक्त रात्री झोप लागत नाही त्याला.

गावकुसाबाहेर

ताई, आमची आज्जी येक म्हन म्हनायची. "शिजंपतूर दम निघतो, निवंपतूर निघत न्हाई."

ओसरी

वा! ही कित्येक वर्षांनी ऐकली. आमच्याकडे "शिजेपर्यंत धीर धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही."

पाटीपेन्सिल

हीच. धाग्याचं उत्तर मिळालं म्हणायचं. या म्हणीत दोन प्रकारचं थांबणं वेगळं काढून दाखवलंय, आणि तसं दाखवणारी दुसरी म्हण मला पटकन आठवत नाही. शिजेपर्यंत माणूस कामात असतो. जाळ पुढे-मागे करायचा, ढवळायचं, पाणी बघायचं. वेळ जास्त असला तरी जातो. निवताना करायला काहीच नसतं. पान वाढलेलं, वाफ येतेय, वासही येतोय, आणि खायचं मात्र नाही. वेळ थोडा असतो आणि तोच सरत नाही. शेवटी तोंड पोळतं ते इथंच.

भावाचं शिजवून झालंय. तो निवण्याच्या टप्प्यावर आहे. ग्रुपवरच्या तिन्ही म्हणी शिजवणाऱ्याच्या होत्या, म्हणून त्या लागल्या नाहीत.

आणखी एक. इतर म्हणी सांगतात, धीर धर. ही तसं सांगत नाही. ती म्हणते, धरवत नाही. हा माणसाचा स्वभावच आहे, एकट्या तुझा दोष नाही.

कट्टेकरी

पण सर, आजी लोक ही म्हण पोरांना दटावायलाच वापरतात. "एवढा वेळ थांबलास, आता पाच मिनिटं दम नाही?" असा सूर असतो. भावाला तोही टोमणाच वाटेल.

गावकुसाबाहेर

आज्जी दटावायची खरं. पर दटावता दटावता ताटाला वाराबी घालायची.

ओसरी

कट्टेकरींचा मुद्दा खोडता येत नाही. लिहिलेल्या म्हणीत सूर दिसत नाही. फोनवर म्हणा, नाहीतर पुढे एक साधं वाक्य जोडा. ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, खाली लगेच काकांचा अंगठा येईल. आणि निकाल प्रतिकूल लागला तर त्या दिवशी ही म्हणू नका. तेव्हा निवण्याचा प्रश्नच संपलेला असेल.

रियाज_पहाटेचा

त्या दिवशी कुठली म्हणायची मग?

ओसरी

त्या दिवशी कुठलीच नाही. जेवायला बोलवायचं.

रानजाई

काल रात्री फोन केला. गावकुसाबाहेर यांच्या आज्जींची म्हण त्यांच्याच बोलीत सांगितली, आणि "मलाही धरवत नाहीये" एवढं जोडलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "फुंकर मारली तर चालेल का?" फुंकर म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, चार दिवस मित्राकडे रायगडला जाऊन येतो. आईनं होकार दिलाय, आत्यानं अर्थातच विरोध केलाय.

कट्टेकरी

म्हणजे नव्या तुरी आल्या बाजारात.

मी_मुंबईकर

आमच्या सोसायटीची सभा लागलीय. महारेराकडे जायचं की वकिलाची नोटीस आधी पाठवायची यावर चर्चा आहे. काकांनी विषयपत्रिकेत "संयम राखण्याबाबत" असा विषय घातलाय. मी त्यावर "घोंगडं उचलण्याबाबत" अशी दुरुस्ती सुचवली, अनुमोदक मिळालाय. यातलं कोणी पुनर्विकासाची तक्रार केलेलं आहे का? व्यक्तिगत निरोप करा.